साठ हप्त्यांचा त्रिकोण

एक कोडं घ्या. तुम्ही साठ हजार रुपये पाच वर्षांसाठी एकदम ठेवले. व्याजाचा दर वर्षाला ६.७ टक्के, आणि व्याज दर तीन महिन्यांनी मुद्दलात मिसळणार. पाच वर्षांनी तुमच्या हातात येतात ८३,६४४ रुपये, म्हणजे व्याज २३,६४४.

तुमच्या शेजाऱ्यांनीही साठ हजारच ठेवले, पण दर महिन्याला एक हजार असे साठ महिने. दर तोच ६.७ टक्के, चक्रवाढही तीच. पाच वर्षांनी त्यांच्या हातात येतात ७१,३६६. म्हणजे व्याज ११,३६६.

रक्कम तीच, दर तोच, वर्षंही तीच. मग व्याज निम्म्याहूनही कमी कसं?

पहिली गोष्ट मुदत ठेव, आपली नेहमीची एफडी. दुसरी आवर्ती ठेव, म्हणजे आरडी. आरडीचे पैसे हातात आले की अनेकजण कागदावर भागाकार करतात: साठ हजारांवर अकरा हजार, पाच वर्षांत, म्हणजे वर्षाला चार टक्केसुद्धा धड नाहीत! ‘सांगितले ६.७ आणि दिले एवढेच’ असं वाटून मन खट्टू होतं. पण इथे कुणी कुणाला फसवलेलं नाही. ६.७ टक्क्यांतला पैसा अन् पैसा मिळालेला आहे. गंमत या हिशेबात लपलेल्या एका आकाराची आहे. तो एकदा दिसला की आरडीचे बहुतेक सगळे नियम, अगदी चुकलेल्या हप्त्याचा दंडसुद्धा, त्याच आकारातून उलगडत जातात.

जुन्या पद्धतीचं लग्नघर डोळ्यांसमोर आणा. मावशी महिनाभर आधीच येऊन दाखल होते. काका-काकू आठवडाभर आधी येतात, मामेभावंडं आदल्या रात्री, आणि कुणी थेट मुहूर्तावर, हातात अक्षता पडतानाच पोचतात. परत जातात मात्र सगळे एकाच दिवशी. ‘घरात साठ पाहुणे महिनाभर होते’ असं म्हटलं तर ते खरं होईल का? पाहुणे साठच होते, पण महिनाभर राहिली ती फक्त मावशी.

आरडीतल्या हजार-हजारांच्या साठ हप्त्यांचं नेमकं हेच होतं. पहिला हप्ता खात्यात साठ महिने राहतो. दुसरा एकोणसाठ. तिसरा अठ्ठावन्न. असं करत करत साठावा हप्ता येतो आणि जेमतेम महिनाभर टेकून सगळ्यांबरोबर बाहेर पडतो. व्याज पैशाला मिळतं, पण पैसा जितका काळ थांबला तितक्या काळाचंच मिळतं.

आता मोजूया. एक हजार रुपये एक महिना थांबले, तर त्याला आपण एक ‘हजार-महिना’ म्हणू. ६.७ टक्के दराने एका हजार-महिन्याचं साधं व्याज होतं ५ रुपये ५८ पैसे. आता प्रश्न एवढाच उरतो की आरडीत एकूण किती हजार-महिने जमा होतात? साठ अधिक एकोणसाठ अधिक अठ्ठावन्न, असं एकापर्यंत. ही लांबलचक बेरीज एका युक्तीने क्षणात होते. पहिला हप्ता आणि शेवटचा हप्ता यांची जोडी लावा: साठ अधिक एक, एकसष्ट. दुसरा आणि एकोणसाठावा: एकोणसाठ अधिक दोन, पुन्हा एकसष्ट. तिसरा आणि अठ्ठावन्नावा, पुन्हा एकसष्ट! अशा तीस जोड्या. तीस गुणिले एकसष्ट, म्हणजे १,८३०.

आणि एफडीत? साठ हजार, सगळेच्या सगळे, साठ महिने. साठ गुणिले साठ, म्हणजे ३,६०० हजार-महिने.

चौकटीच्या कागदावर हे काढून बघा. आडवे महिने, उभे जमा झालेले हजार. एफडीचा पैसा पहिल्या दिवसापासून साठाच्या उंचीवर सरळ चालत जातो, त्याचा होतो चौकोन. आरडीचा पैसा महिन्याला एकेक घर वर चढतो, त्याचा होतो त्रिकोण. आणि त्रिकोण चौकोनाच्या निम्मा असतो, हे आपण शाळेतच शिकलो होतो. कोड्याचं उत्तर एवढंच. दोन्हीकडे पैशाला दर सारखाच मिळाला. आरडीच्या पैशाला थांबायला मिळालेला वेळ मात्र सरासरी साडेतीस महिने होता, साठ नव्हे.

१,८३० हजार-महिन्यांचं साधं व्याज होतं १०,२१७ रुपये. प्रत्यक्षात मिळतात ११,३६६. वरचे साधारण साडेअकराशे म्हणजे व्याजावरचं व्याज, दर तिमाहीला मुद्दलात मिसळत गेलेलं.

आता या त्रिकोणात जरा आत शिरून एकेक हप्ता वेगळा काढून पाहूया. पहिल्या महिन्याचे हजार रुपये पाच वर्षांनी १,३९४ होतात. शेवटच्या महिन्याचे हजार होतात १,००५ रुपये ५५ पैसे. दोन्ही हजारच, पण एकाने ३९४ रुपये कमावले आणि दुसऱ्याने साडेपाच! वर्षावर्षाने पाहिलं तर फरक आणखी ठसठशीत दिसतो. पहिल्या वर्षी भरलेल्या बारा हजारांवर मुदतीअखेर सुमारे ४,२३० रुपये व्याज होतं. पाचव्या वर्षी भरलेल्या बारा हजारांवर सुमारे ४४०. जवळजवळ दहापट. म्हणजे आरडीचं एक तृतीयांशाहून जास्त व्याज पहिल्या बारा हप्त्यांच्याच जिवावर मिळतं.

याच त्रिकोणात आणखी एक नवल आहे. बरोबर अर्धी मुदत झाली, तीस हप्ते भरून झाले. आता व्याजही निम्मं झालं असेल ना? नाही. ते असतं अवघं २,७२६ रुपये, म्हणजे शेवटच्या व्याजाच्या पावभागापेक्षाही थोडं कमी. त्रिकोणाचा पाया निम्मा केला की उंचीही निम्मी होते, आणि क्षेत्रफळ पाव उरतं. अर्ध्या वाटेवर पासबुक पाहून ‘यात काही राम नाही’ असं वाटतं ते यामुळेच. व्याजाचा तीनचतुर्थांश हिस्सा तेव्हा पुढच्या अर्ध्या वाटेवर असतो.

हेच उलट्या दिशेनेही चालतं. पोस्टाची आरडी पाच वर्षांची असते, पण मुदत संपल्यावर अर्ज देऊन ती आणखी पाच वर्षं हप्ते भरत चालू ठेवता येते, आणि दर खातं उघडताना लागलेला तोच राहतो. दहा वर्षांत हजाराच्या हप्त्याने तुम्ही भरता १,२०,००० आणि मिळतात सुमारे १,७०,८५५. व्याज जवळजवळ ५०,८५५! भरलेले पैसे दुप्पट, व्याज मात्र साडेचारपटीच्या आसपास.

आता ज्या पोस्टाच्या आरडीवर आपण हा सगळा हिशेब मांडतो आहोत, ती जरा जवळून पाहूया. महिन्याला किमान शंभर रुपये आणि पुढे दहाच्या पटीत कितीही, वरची मर्यादा नाही. हप्ते साठ. दर केंद्र सरकार दर तिमाहीला जाहीर करतं. ६.७ टक्के हा दर ऑक्टोबर २०२३ पासूनचा. पोस्टाच्या पाच वर्षांच्या मुदत ठेवीचा दर आरडीहून वेगळा आणि सहसा जास्त असतो. वरच्या कोड्यात दोघांना एकच दर लावला तो आकारातला फरक स्वच्छ दिसावा म्हणून.

दर तिमाहीला बदलू शकत असेल, तर मधेच दर खाली आला की तुमच्या पुढच्या हप्त्यांचं काय? इथे आरडीतली मला सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट येते. खातं उघडलं त्या दिवसाचा दर साठही हप्त्यांना लागू होतो. चार वर्षांनंतर जो पगार तुम्ही मिळवणार आहात, जो अजून कुणाच्या खिशातही नाही, त्यातून भरायच्या हप्त्याचा दर आजच ठरून जातो! एफडीत दर बांधला जातो तो हातात असलेल्या पैशाचा. आरडीत अजून न कमावलेल्या पैशाचाही.

याचं वजन किती असतं? मार्च २०२० पर्यंत पोस्टाच्या आरडीचा दर ७.२ टक्के होता. १ एप्रिल २०२० ला तो थेट ५.८ वर आला. दोन बहिणींनी हजार-हजारांची खाती उघडली, एकीने मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आणि दुसरीने एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, असं समजा. पुढची पाच वर्षं दोघींनी तंतोतंत सारखे हप्ते भरले. थोरलीला मिळाले सुमारे ७२,३१४, धाकटीला ६९,६९७. सव्वीसशे रुपयांचा फरक पडला तो उघडण्याच्या तारखेतल्या पंधरा दिवसांनी. दर चढत गेले तर मात्र हीच गाठ उलटी बसते. पुढे दर ६.७ झाला तरी धाकटीचं खातं ५.८ वरच चालत राहिलं.

आता सगळ्यांना ज्याची धाकधूक असते त्या प्रश्नाकडे वळूया. हप्ता चुकला तर?

एफडीत हा प्रश्नच नाही, कारण तिथे एकदा पैसे ठेवले की भरायचं काही उरतच नाही. आरडी मात्र तुमच्याकडून महिन्याला एक भेट मागते. पोस्टात त्या भेटीची मुदत खातं उघडण्याच्या तारखेवरून ठरते. महिन्याच्या १५ तारखेपर्यंत खातं उघडलं असेल तर पुढचा प्रत्येक हप्ता त्या-त्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचा. १६ तारखेला किंवा नंतर उघडलं असेल तर महिन्याच्या शेवटच्या कामाच्या दिवसापर्यंत. या मुदतीच्या आत तुम्ही एक तारखेला भरा की पंधराला, शेवटी मिळणारी रक्कम तीच. हे खातं दिवस मोजत नाही, महिने मोजतं.

मुदत टळली की तो हप्ता थकला. त्यावर विलंब शुल्क लागतं: शंभर रुपयांमागे महिन्याला एक रुपया. हजाराच्या हप्त्याला महिन्याला दहा रुपये. आकडा इतका छोटा की कुणी दुसऱ्यांदा विचारही करत नाही. पण जरा थांबा. हजार रुपये एक महिना खात्यात असते तर त्यांनी किती व्याज मिळवलं असतं? ५ रुपये ५८ पैसे. म्हणजे एका महिन्याच्या उशिरापायी पोस्टाला तुम्हाला जादा द्यावं लागणारं व्याज साडेपाच रुपयांचं, आणि तुमच्याकडून घेतले जातात दहा रुपये. महिन्याला एक टक्का म्हणजे वर्षाला बारा टक्के. हे शुल्क भरलं की मात्र तो हप्ता वेळेवर आला असंच धरलं जातं आणि शेवटी तुम्हाला तेच ७१,३६६ मिळतात. या दहा रुपयांत साडेपाच रुपयांची भरपाई आहे आणि साडेचार रुपयांचा दंड.

एकापेक्षा जास्त हप्ते चुकले की काय होतं ते उदाहरणानेच पाहू. तुमचं खातं ५ जानेवारीला उघडलं आहे, म्हणून मुदत दर महिन्याची १५ तारीख. जून, जुलै आणि ऑगस्टचे हप्ते राहिले. घरात आजारपण आलं असेल, शाळेची फी आली असेल. सप्टेंबरच्या १० तारखेला तुम्ही पोस्टाच्या खिडकीशी उभे आहात. किती पैसे न्यायचे? तीन थकलेले आणि एक चालू, असे चार हजार. आणि शुल्क? तीन हप्त्यांचे तीस रुपये, असं मनात येतं. पण जूनचा हप्ता तीन महिने मागे पडला आहे, त्याचे तीस. जुलैचा दोन महिने, त्याचे वीस. ऑगस्टचा एक महिना, त्याचे दहा. एकूण साठ. म्हणून ४,०६० रुपये न्यायचे.

ओळखीचं वाटलं का? तीन अधिक दोन अधिक एक. तोच त्रिकोण, फक्त लहान आणि उलट बाजूचा! एक हप्ता चुकला तर दहा रुपये, दोन चुकले तर तीस, तीनला साठ, चारला शंभर. चुकलेले हप्ते चौपट, शुल्क दहापट. जो आकार तुमचं व्याज वाढवत होता तोच आता शुल्क वाढवतो. म्हणून थकलेले तीन हप्ते एकदम भरता येत नसतील तर निदान सर्वांत जुना तरी लवकर भरून टाकावा, कारण शुल्कातला मोठा वाटा त्याच्याच नावावर चढत असतो. पोस्टाचा नियमही तसाच आहे. आधी थकबाकी शुल्कासह, मग चालू महिना. जून-जुलै तसेच ठेवून फक्त सप्टेंबरचा हप्ता भरतो, असं म्हणता येत नाही.

चार हप्ते चुकले की खातं खंडित होतं. इथे ‘बुडालं’ असा गैरसमज अनेकांचा होतो, पण भरलेला पैसा कुठेही जात नाही. बंद होते ती पुढचे हप्ते भरण्याची वाट. तीही लगेच कायमची बंद होत नाही. चौथा हप्ता चुकल्यापासून दोन महिन्यांत सगळी थकबाकी शुल्कासह भरली तर खातं पुन्हा जिवंत होतं. ते दोन महिनेही गेले तर मात्र त्या खात्यात पुढे एकही हप्ता घेतला जात नाही. तुमचा साठ घरं चढायला निघालेला त्रिकोण मधेच थबकतो.

चारापेक्षा जास्त हप्ते चुकलेले नसतील तर आणखी एक मार्ग आहे, तो फारसा कुणाला ठाऊक नसतो. जितके हप्ते चुकले तितके महिने मुदत पुढे ढकलायची, आणि ते हप्ते त्या वाढीव महिन्यांत भरायचे. दोन चुकले असतील तर साठऐवजी बासष्ट महिने. मुदत संपण्याची तारीख सरकते, पण खातं धड राहतं.

उशिराला शुल्क आहे, तर आगाऊ भरणाऱ्याला काही मिळतं का? मिळतं! चालू महिन्यासकट सहा हप्ते एकदम भरले तर शंभराच्या हप्त्यामागे दहा रुपये सूट, बारा हप्ते एकदम भरले तर चाळीस. हे दहा आणि चाळीस आले कुठून? सहाला दहा, तर बाराला वीस हवेत ना?

पुन्हा त्रिकोण मांडा. सहा हप्ते एकदम भरले तर पहिला वेळेवरच आहे. दुसरा एक महिना आधी आला, तिसरा दोन महिने, सहावा पाच महिने आधी. एक ते पाचची बेरीज पंधरा. बारा हप्ते भरले तर एक ते अकराची बेरीज सहासष्ट, चौपटीहून थोडी जास्त. शंभर रुपयांचं महिन्याचं व्याज साधारण ५६ पैसे. पंधरा महिन्यांचे होतात ८ रुपये ३७ पैसे, सहासष्ट महिन्यांचे जवळपास ३७ रुपये. सूट दहा आणि चाळीस. लवकर आलेला पैसा जितकं व्याज कमावेल तितकं, वर थोडंसं जास्त, पोस्ट तुम्हाला आधीच सोडून देतं. म्हणजे लवकर येणाऱ्या शंभराला महिन्याला साठ-पासष्ट पैसे मिळतात, आणि उशिरा येणाऱ्या शंभराकडून घेतला जातो एक रुपया. दिवाळीचा बोनस हातात असेल तर हा आकडा लक्षात ठेवावा.

आणि मधेच पैसे हवे झाले तर? खातं उघडल्यावर तीन वर्षं ते मोडताच येत नाही. तीन वर्षांनंतर मोडता येतं, पण मुदतीला एक दिवस जरी उरला असला तरी व्याज मिळतं ते पोस्टाच्या बचत खात्याच्या दराने, म्हणजे ४ टक्क्यांनी. त्रिकोण तेवढाच, पण त्याच्या प्रत्येक घराची किंमत खाली येते. पाच वर्षांच्या उंबरठ्यावर येऊन खातं मोडणाऱ्याचे अकरा हजार तीनशे सहा-सात हजारांवर येतात. त्याऐवजी कर्जाचा रस्ता आहे. बारा हप्ते भरलेले असतील, खात्याला वर्ष झालं असेल आणि ते खंडित नसेल, तर शिलकीच्या निम्म्यापर्यंत कर्ज मिळतं. त्याचा दर आरडीच्या दराहून दोन टक्के जास्त, म्हणजे आज ८.७. मुदत संपत आली असताना दोन-चार महिन्यांची नड असेल तर मोडण्यापेक्षा कर्ज स्वस्त पडतं. हप्ते थकवून खातं खंडित केलेल्याला हाच आधार उरत नाही, आणि चुकलेल्या हप्त्याचं खरं नुकसान दहा-वीस रुपयांच्या शुल्कापेक्षा इथे जास्त होतं.

बँकांच्या आरडीत सांगाडा हाच, तपशील वेगळे. मुदत सहा महिन्यांपासून दहा वर्षांपर्यंत निवडता येते, आणि विलंब शुल्क, किती हप्ते चुकल्यावर खातं बंद करायचं, मोडल्यास दर किती कापायचा हे ज्या-त्या बँकेचं. बँकेत हप्ता बहुतेक वेळा तुमच्या बचत खात्यातून आपोआप वळता होतो. त्या दिवशी खात्यात पुरेशी शिल्लक नसेल तर हप्ता चुपचाप चुकतो, आणि काही ठिकाणी त्याचं शुल्क थेट शेवटी मिळणाऱ्या रकमेतून कापलं जातं. पोस्टात दुसरी काळजी. महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजनेच्या प्रतिनिधी घरी येऊन हप्ता नेतात, आणि त्यांचं चार टक्के कमिशन सरकार देतं, तुमच्याकडून काही घ्यायचं नसतं. पण पैसे त्यांच्या हाती दिले म्हणजे खात्यात गेले, असं नव्हे. दोन्हीकडे खात्रीचा पुरावा एकच: पासबुकातली नोंद. दोन-तीन महिन्यांनी एकदा पासबुक भरून घ्या आणि हप्ते मोजा. महिने आणि हप्ते जुळले नाहीत तर चारचा आकडा गाठायच्या आत कळेल.

मग आरडी की एफडी? साठ हजार आज हातात असतील तर ते बचत खात्यात ठेवून महिन्याला हजार-हजार आरडीत टाकण्यात अर्थ नाही. तुम्ही स्वतःच्या चौकोनाचा त्रिकोण करून टाकता. आणि साठ हजार हातात नसतील, महिन्याला हजारच सुटत असतील, तर एफडीशी तुलना करून हळहळण्याचंही कारण नाही, कारण तो चौकोन तुमच्याकडे मुळात कधी नव्हताच. वर्षाअखेर हातात आलेली एखादी मोठी रक्कम एफडीत आणि दरमहाची बचत आरडीत, अशी दोन्ही खाती एकाच घरात सुखाने नांदतात.

हा त्रिकोण ओळखायला आला की तो उलटा होऊनही भेटतो. कर्जाचा मासिक हप्ता म्हणजे शेंड्यावर उभी केलेली आरडीच. पहिल्या दिवशी पूर्ण रक्कम तुमच्याकडे, मग महिन्याला एकेक घर उतरत शून्यापर्यंत. समजा कुणी तुम्हाला साठ हजारांचं कर्ज पाच वर्षांसाठी ‘फ्लॅट ६.७ टक्क्यांनी’ देऊ केलं. पाच वर्षांचं व्याज २०,१००, एकूण फेड ८०,१००, महिन्याला १,३३५ रुपये. ऐकायला किती सौम्य! पण हे व्याज अख्ख्या चौकोनावर लावलेलं आहे, आणि तुमच्या हातात पैसा राहतो तो त्रिकोणाएवढा. घटत्या शिलकीवर हाच हप्ता ठेवून दर काढला तर तो येतो बारा टक्के.

आरडीचे ११,३६६ पाहून ‘दर कमी दिला’ असं वाटणं आणि फ्लॅट ६.७ ऐकून ‘कर्ज स्वस्त मिळालं’ असं वाटणं, या दोन्ही एकाच विसरण्याच्या दोन बाजू आहेत. टक्के किती, हे सगळेच विचारतात. पुढच्या वेळी कुणी दर सांगितला की दुसरा प्रश्नही विचारा: किती पैसा, किती महिने?